जाळी बाजेसारखी ताणू नका: पीईबी शेडच्या छपरात ग्लासवूल अंथरताना

बेळगाव, होनगा, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात आता गोदाम म्हटलं की पीईबीच उभं राहतं. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या लोखंडी फ्रेमी, त्यावर झेड आकाराच्या पर्लिन आणि वर रंगीत शीट. फ्रेम बोल्ट करणारी पोरं दोन-तीन साइटवर तयार होतात. छपराखालच्या ग्लासवूलचं काम मात्र कोणी नीट शिकवत नाही. "गादी अंथर आणि वर पत्रा मार" एवढ्यावर भागवतात. हा लेख या कामावर पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नव्या सुपरवायझरांसाठी आहे.

आधी थर समजून घ्या. सगळ्यात खाली पर्लिन, त्यावर तारेची जाळी, जाळीवर ग्लासवूलचा रोल आणि त्यावर छपराचं शीट. रोलच्या एका बाजूला चिकटवलेला पांढरा किंवा चंदेरी कागद असतो, त्याला साइटवर फेसिंग म्हणतात. ही बाजू खाली, म्हणजे शेडच्या आतल्या माणसाला दिसेल अशी येते. कापूस वर, शीटला लागून. फेसिंग शोभेसाठी नसतं. आतली दमट हवा कापसात शिरून वरच्या गार पत्र्यापर्यंत पोचू नये, हे त्याचं काम.

आपल्याकडे हे महत्त्वाचं का, ते गुळाच्या गोदामावरून कळेल. डिसेंबरातल्या पहाटे शेडमध्ये २० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १५ अंशांच्या पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी जमू लागतं. उघडं शीट रात्रभर आकाशाकडे उष्णता टाकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं, सहज १२ वर येतं. मग पत्र्याला आतून घाम फुटतो आणि थेंब ढेपांवर पडतात. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. पत्र्याला हात लावू म्हटलं तर चटका बसतो आणि खालचा गूळ पाघळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. रोलच्या पिशवीवर ५० मिमी छापलेलं असतं, पण कुठल्याच छपरात ५० मिमी सगळीकडे मिळत नाही. शीट स्क्रूने पर्लिनवर आवळलं की त्या रेषेवर कापूस चेपून पाच-सहा मिमीवर येतो. हे टळत नाही. दोन पर्लिनच्या मधल्या गाळ्यात तरी तो फुलायला हवा, आणि फुलायचं तर त्याला खाली जागा लागते. वर शीट आहे, खाली जाळी. म्हणजे कापसाची जाडी कंपनी ठरवत नाही, जाळी किती सैल सोडली त्यावर ती ठरते.

हे मी संकेश्वरकडच्या एका शेडवर शिकलो. शेड १५ मीटर रुंद, ३० मीटर लांब, दोन्हीकडे उतार, दर दहाला एक असा चढ. पर्लिन दीड-दीड मीटरवर, म्हणजे प्रत्येक पाख्यात पाच गाळे. जाळीवाल्या टोळीने जाळी पन्हळीकडच्या पर्लिनला अडकवली, आढ्याकडून दोघांनी ओढली आणि बाजेच्या नवारीसारखी टणक करून टाकली. खालून बघणारा प्रत्येकजण खूश. फेसिंग अगदी सपाट, सुरकुती नाही. मीही खूश होतो. नऊ शीट चढल्यावर जुने फोरमन मामा आले, खालून फेसिंगला बोट लावलं आणि म्हणाले, "हे तर ढोलकं झालंय. कापूस कुठं राहिलाय?" एक शीट काढून मधोमध लांब सुई खुपसली. २० मिमी. तेही गाळ्याच्या बरोबर मध्यावर, जिथं सगळ्यात जास्त असायला हवं.

त्या रात्री मी हिशोब मांडला, तो इथे देतो. कापसाची उष्णतावाहकता ०.०४, पर्लिनची वरची पट्टी ६० मिमी रुंद, तिथे कापूस चेपून ६ मिमी, आणि गाळ्यात जाळी कमानीसारखी खाली झुकलेली असं धरलं. गाळ्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातून किती उष्णता जाते ते काढलं आणि सरासरी घेतली. ताणलेल्या जाळीचं सगळं छप्पर मिळून जेमतेम १४ मिमी सलग कापसाइतकं काम करत होतं. तीच जाळी मध्यावर ६० मिमी झुकवली, तर तेच छप्पर ३२ मिमी कापसाइतकं चालतं. तोच रोल, त्याच किमतीचा, पण ताणलेल्या जाळीतून उष्णता जवळजवळ दुप्पट आत येते. ३२ का, ५० का नाही? कारण पर्लिनजवळ कापूस चेपलेलाच राहतो आणि उष्णता तिथूनच वाट काढते. हा हातचा अंदाज आहे. स्क्रूतून जाणारी उष्णता त्यात धरलेली नाही.

मग ६० मिमीचा झोल मिळवायला जाळी किती जास्त सोडायची? इथे नवा माणूस हमखास फसतो. दीड मीटरच्या गाळ्यात ६० मिमी झोल यायला जाळीची लांबी फक्त साडेसहा मिलिमीटर जास्त लागते. पाच गाळ्यांना मिळून तीन-सव्वातीन सेंटीमीटर. आढ्यावर उभ्या माणसाने हाताला एक हिसका दिला की तेवढं निघून जातं. म्हणून दोन टोकांना बांधून झोल राखता येत नाही. तो गाळ्यागणिक बांधावा लागतो.

पद्धत अशी. जाळी पन्हळीकडून आढ्याकडे, पर्लिनच्या आडवी उलगडायची. पहिल्या पर्लिनला वॉशर लावलेल्या स्क्रूने पक्की करायची. मग दुसऱ्या पर्लिनपर्यंत सोडायची, दोन्ही पर्लिनवर सरळ अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवायची आणि ६० मिमीवर खूण केलेली काडी मध्यावर खाली सोडून झोल बघायचा. बसला की त्या पर्लिनला बाइंडिंग वायरने बांधायचं आणि तिसऱ्याकडे जायचं. एका गाळ्याचा ताण दुसऱ्यात सरकला नाही पाहिजे, एवढंच त्या तारेचं काम. आमच्या टोळीत खानापूरची मराठी पोरं आणि गोकाककडचे कन्नड मदतनीस एकत्र असायचे. मराठीतलं "सैल सोड" कोणाला समजलं नाही तर "स्वल्प सडिल बिडु" म्हटलं की काम व्हायचं. झोल मात्र काडीनेच मोजायचा. प्रत्येकाचा "स्वल्प" वेगळा असतो.

जाळी कोणती, यावरही थोडं अवलंबून आहे. षटकोनी छिद्रांची कोंबडीजाळी स्वस्त आणि हलकी, पण ती वजनाने आणखी ताणते. ती वापरणार असाल तर रिकामी असताना ४५-५० मिमीच झोल ठेवा. मग एका गाळ्यात कापूस अंथरून बघा आणि ६० च्या आसपास येतोय का ते मोजा. चौकोनी वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी जिथे ठेवली तिथे राहते, तिला सुरुवातीपासून ६० द्या. शेजारशेजारच्या दोन जाळ्या एक-दोन छिद्रं एकमेकींवर चढवून तारेने गाठी मारायच्या. गाठी नसतील तर फटीतून कापूस पोटासारखा खाली येतो. झोल ८०-१०० वर नेऊ नका. मग कापूस शीटपासून सुटतो, पावसाचा आवाज दाबत नाही, आणि त्याचं वजन फेसिंगच्या जोडावर येऊन जोड उघडतात.

आणि जाळी म्हणजे आधार कापसाला, माणसाला नव्हे. कोंबडीजाळीवर पाय पडला की माणूस सहा मीटर खाली जातो. पाय नेहमी पर्लिनवर, पट्टा लाइफलाइनला.

आता रोल. आमच्या शेडचं उदाहरण घेतो, म्हणजे मागणी कशी द्यायची तेही कळेल. एक पाखं उतारावरून ७.५४ मीटर, दोन्ही मिळून १५.०८. जाळीच्या झोलासाठी सहा-सात सेंटीमीटर आणि दोन्ही पन्हळींकडे दुमडायला प्रत्येकी १५ सेंटीमीटर धरले तर पट्टी साडेपंधरा मीटरला थोडीशी कमी पडते. चूक भूल धरून आम्ही १५.६ मीटर लांबीचे रोल कापून मागवले. तयार १५ मीटरचा रोल घेतला असता तर प्रत्येक पट्टीला अर्धा मीटरहून जास्त ठिगळ लागलं असतं, आणि ठिगळ म्हणजे आणखी एक आडवा जोड. रोल एका पन्हळीपासून आढ्यावरून दुसऱ्या पन्हळीपर्यंत सलग जाऊ द्या. त्यासाठी दोन्ही पाख्यांवर शीट बरोबरीने पुढे सरकलं पाहिजे.

रोलची रुंदी १.२ मीटर आणि शीटची झाकणारी रुंदी १ मीटर होती. दोन्ही एकाच टोकापासून सुरू केलं तर दर ६ मीटरला कापसाचा जोड आणि शीटचा जोड एकाच रेषेवर येतात. वरच्या जोडातून कधी थेंब शिरला तर तो थेट खालच्या जोडात. म्हणून पहिला रोल उभा कापून ५०० मिमीची पट्टी सुरुवातीला लावली. मग १.२ च्या २४ पूर्ण पट्ट्या, आणि उरलेली ७०० मिमीची शेवटी. बेरीज बरोबर ३० मीटर. जोड कुठेही १०० मिमीपेक्षा जवळ आले नाहीत. कापलेल्या दोन्ही कडा दोन टोकांच्या भिंतींकडे ठेवल्या, कारण कापलेल्या कडेला फेसिंगची पट्टी उरत नाही.

ही फेसिंगची पट्टी म्हणजे रोलच्या कडेने कापसाबाहेर दोन-तीन बोटं सोडलेला कागद. छपराचा खरा जोड तिथेच होतो. शेजारच्या दोन रोलचा कापूस एकमेकाला फक्त भिडवायचा, एकावर एक चढवायचा नाही. दोन्ही कागदी पट्ट्या एकत्र धरून वरच्या बाजूला उभ्या करायच्या, एकदा दुमडायच्या आणि दर १५ सेंटीमीटरला स्टेपल मारायचा. मग तो दुमड कापसाच्या मध्ये वर ढकलायचा. खालून फक्त एक बारीक सरळ रेघ दिसली पाहिजे. दुमडीत कापसाचा एक धागाही अडकू देऊ नका. तो वातीसारखं काम करतो आणि आतली दमट हवा त्या वाटेने वर जाते.

कापूस चढवायचा नाही, हे मी इतकं घोकतो त्याला कारण आहे. नवे लोक फट राहू नये म्हणून चार बोटं एकावर एक टाकतात. गाळ्यात ते खपतं, पण पर्लिनवर तिथे दुप्पट कापूस चेपावा लागतो. शीट तेवढ्या पट्ट्यात उचललं जातं, शेजारच्या शीटशी त्याचा जोड नीट बसत नाही, आणि मग माणूस स्क्रू आणखी आवळतो. काळं रबरी वॉशर चिरडून बाहेर येतं, स्क्रूभोवती पत्र्यात खळगा पडतो, आणि जूनमध्ये त्या खळग्यात पाणी साचतं. गळती वॉशरची दिसते, पण मूळ खालच्या चार बोटांत असतं. याच्या उलट एक सेंटीमीटर फट ठेवली तर तेवढ्या रेषेत पत्रा उघडा राहतो आणि थंडीत तिथे थेंबांची माळ लागते. भिडवायचं म्हणजे भिडवायचंच.

शीट चढवताना कापूस नेहमी शीटच्या पुढे हवा, किमान वीतभर. म्हणजे शीट बसल्यावरही पुढचा जोड दुमडून स्टेपल करायला हात पोचतो. पण त्याहून फार पुढे नको. वैशाखात दुपारी तीनला आभाळ फुटलं आणि वळीव आला, तर उघडा पडलेला कापूस पाणी पितो. भिजलेला ग्लासवूल सुकेल म्हणून झाकू नका. खाली फेसिंग, वर पत्रा, तो कुठून सुकणार? काढा आणि कोरडा घाला. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून शीट पूर्वेच्या टोकाकडून सुरू करावं. प्रत्येक नवं शीट आधीच्यावर चढतं आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं.

स्क्रू मारताना त्याच्या शेजारी पाय ठेवून शीट पर्लिनपर्यंत दाबा, मगच ड्रिल चालवा. दाबलं नाही तर फिरता स्क्रू कापूस स्वतःभोवती गुंडाळून घेतो, खालून फेसिंगला पीळ पडतो आणि ते फाटतं. वॉशर कडेने जरासं फुगलं की थांबायचं. कापसामुळे स्क्रू नेहमीपेक्षा लांब लागतो. किती लांब, ते शीटवाल्याच्या ड्रॉइंगवरून घ्या.

पर्लिनवरचा चेपलेला पट्टा सुधारायला कापसावर दोन-अडीच सेंटीमीटर जाड कडक फोमची पट्टी टाकतात. उष्णतेच्या दृष्टीने उपाय चांगला आहे. पण साइटवर बसून तो ठरवायचा नाही. स्क्रूने घट्ट बसलेलं शीट पर्लिनला आडवं वळू देत नाही, आणि डिझायनरने बऱ्याचदा हा आधार हिशोबात धरलेला असतो. मध्ये मऊ जाड थर आला की तो आधार कमी होतो. म्हणून ५० मिमीच्या जागी १०० मिमीचा रोल "चांगला आहे" म्हणून परस्पर आणणाऱ्या मालकालाही आधी डिझायनरला विचारायला सांगा.

पन्हळीकडच्या टोकाला शेवटच्या १५ सेंटीमीटरमधला कापूस सोलून काढायचा आणि मोकळं फेसिंग कापसाच्या तोंडावरून वर दुमडायचं. कापसाचं उघडं तोंड पन्हळीत लोंबलं तर पावसाळाभर ते पाणी वर ओढत राहतं. वर्षभरात कडेच्या पर्लिनजवळ फेसिंगवर चहाच्या डागासारखा पिवळा पट्टा दिसतो. पुष्कळ जण त्याला पत्र्याची गळती समजून वरून सिलिकॉन फासत बसतात.

अंगाच्या खाजेबद्दल दोन वाक्यं. पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क आणि चष्मा वापरा, काम संपल्यावर आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, नाहीतर घरातली माणसं तुमच्याआधी तक्रार करतील.

आमच्या शेडवर पुढे काय झालं? नऊ शीट उतरवली, जाळी पर्लिनगणिक सोडून पुन्हा बांधली. पर्लिनमधली जुनी भोकं सैल झाली होती, त्यात साडेपाच मिमीच्या जागी ६.३ मिमीचे जाड स्क्रू मारले. दीड दिवस गेला आणि त्याची बोलणी मीच खाल्ली, कारण सही माझी होती. उरलेली शीट चढवण्याआधी प्रत्येक गाळ्यात काडी सोडून बघितली.

काम कसं झालं ते ओळखायला थंडीतली धुक्याची सकाळ सगळ्यात चांगली. शेडमध्ये थोडी ऊब असेल तेव्हा शेजारच्या टाकीवर किंवा गच्चीवर चढून छपराकडे बघा. दव सगळीकडे सारखं बसलेलं नसतं. खालून उष्णता निसटते तिथे ते आधी सुकतं. पर्लिनच्या रेषेत, पन्हळीला समांतर, बारीक कोरड्या रेघा दिसतील. तिथे कापूस चेपलेलाच असतो, त्या दिसणारच. रेघा रुंद होऊन गाळ्याच्या आतपर्यंत पसरल्या असतील तर जाळी ताणलेली आहे. आणि आढ्यावरून पन्हळीकडे उतरणारी एखादी कोरडी रेघ दिसली, तर खाली कापसाचा जोड उघडा आहे. त्या रेषेखाली शिडी लावा, स्टेपल मोजा, फाटलेल्या फेसिंगवर त्याच फेसिंगची टेप लावा.